ताईची बोटं आणि आमचे रिपोर्ट

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मी नाशिकमध्ये एका खासगी लॅबोरेटरीत रक्त तपासायचं काम करत होते. सांधे दुखणारा माणूस आला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक ठरलेलं त्रिकूट असायचं: ईएसआर, युरिक ॲसिड आणि आरए. लोक त्याला सरळ 'वाताची तपासणी' म्हणत. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले की विचारत, "वात निघाला का हो?" जणू मी सुईनं तो बाहेर ओढून बाटलीत भरून ठेवलाय. मला वैताग यायचा. पण दिवसभर बोलून कोण घसा कोरडा करणार? मी कागद हातात द्यायची आणि "डॉक्टरांना दाखवा" म्हणायची.

मग ती चिठ्ठी घेऊन एक दिवस माझी सख्खी ताई आली.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. आमच्या वस्तीत टायपिंगची परीक्षा पास झालेली ती पहिली मुलगी. कचेरीतले साहेब घाईचा मजकूर तिच्याच टेबलावर आणून टाकत. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बस डेपोत मेकॅनिक होते. लेकीचं यंत्र कसं चालतं ते बघायला ते एकदा मुद्दाम तिच्या कचेरीत गेले होते. घरी येऊन आईला म्हणाले, "लय भारी हात हाय पोरीचा. बोटं दिसतच नाय." घरात एवढं कौतुक माझं कधी झालं नाही, आणि ते मी ताईला अधूनमधून ऐकवायचीही.

त्या बोटांना काहीतरी व्हायला लागलं होतं. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळायची नाही. ती कपाभोवती दोन्ही तळवे धरून चहा प्यायची, आणि आम्हाला वाटायचं, थंडी वाजतेय. वेणी घालायला तिनं मला हाक मारायला सुरुवात केली. "एवढी मोठी घोडी झालीस, आता वेणी पण मीच घालू?" असं मी म्हणायची. ती हसायची. दुपारपर्यंत बोटं सैल पडत आणि ती पुन्हा टायपिंगला लागायची, म्हणून दुखणं घरात कुणाच्या फारसं नजरेत आलं नाही.

दुखलं की ती गोळी घ्यायची. डोकेदुखीची, किराणा दुकानात चहापत्ती आणि साबणासोबत मिळणारी, ॲस्पिरिनची. आमच्या घरात त्या गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्याशेजारी असायची. महिन्याच्या सामानात अण्णाच घेऊन यायचे. आईचं डोकं, अण्णांची कंबर, माझं पोट, सगळ्यांना तीच. ताई सकाळी एक घ्यायची, कचेरीत दुपारी एक, कधी रात्री झोपताना आणखी एक. वस्तीत घरोघरी हेच होतं. औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं, कागदावर लिहिलेलं, जेवणाआधी की नंतर ते विचारून घ्यायचं. दुकानातली गोळी हे काही औषध नव्हे.

त्या दिवशी मीच तिचं रक्त घेतलं. नियमाप्रमाणे विचारलं, "काही औषध चालू आहे?"

"तुला माहीत नाही का?" ती म्हणाली. "कसलं औषध नि कसलं काय."

मीही त्याच घरातली. मी 'नाही' लिहून पुढे गेले.

ईएसआर म्हणजे काय, तर रक्त गोठू नये म्हणून त्यात द्रव मिसळायचा, ते बारीक काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडवर अगदी ताठ उभी करायची आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. शरीरात कुठे दाह असेल तर त्या भराभर खाली बसतात. ताईचा आकडा तिच्या वयाला जेवढा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त आला. युरिक ॲसिडच्या परीक्षानळीत निळा रंग नेहमीपेक्षा गडद चढला. यंत्रात वाचला, तर तोही जास्त. राहिली आरए. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात दुधासारख्या पांढऱ्या द्रवाचा एक थेंब, आणि काच हातात धरून हळूहळू हलवत राहायचं. संधिवातात सापडणारा आरए नावाचा घटक रक्तात असेल तर दूध नासल्यासारख्या गुठळ्या धरतात. ताईच्या थेंबात काही झालं नाही. मी काच उजेडाकडे धरून पुन्हा बघितली. दूध तसंच होतं.

मला तेव्हा बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. मोठा वात नाही, म्हणजे सुटलो.

आमचे नेहमीचे डॉक्टर वस्तीच्या तोंडाशीच बसत. माणूस चांगला, पण बाहेर रांग एवढी असायची की त्यांची मान वर होत नसे. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "संधिवात नाही. युरिक ॲसिड वाढलंय, गाऊट आहे, म्हणजे त्या ॲसिडचा वात. डाळी बंद, पालक बंद, मटण-सुकट बंद." ईएसआरचं विचारलं तेव्हा म्हणाले, "अंगात रक्त कमी आहे हिच्या, त्यानंही वाढतो." हे काही खोटं नव्हतं. रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, क्षय असला तरी वाढतो, साधा ताप येऊन गेला तरी वाढतो. क्षयाच्या धास्तीनं त्यांनी छातीचा फोटोही काढायला लावला. तो स्वच्छ निघाला आणि ईएसआरचा विषय तिथेच मिटला.

घरात युरिक ॲसिडचं राज्य सुरू झालं. ते कमी करायची गोळी रोज, आणि डाळ तर सोडाच, मटकी, वाटाणा, चवळी, सगळं ताईच्या ताटातून गेलं. आधीच अंगात रक्त नाही म्हणून सांगितलेली बाई, तिला आम्ही वरणाच्या वरचं पाणी वाढायला लागलो. रविवारी मटण शिजलं की ती वासानं बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. आई रडवेली व्हायची, पण वाढायची नाही. आणि ज्या दिवशी बोटं जास्त ठणकत, त्या दिवशी आई स्वतः चहाच्या डब्याशेजारची पट्टी पुढे करायची. "घे, तेवढंच बरं वाटल."

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. युरिक ॲसिड अगदी जागेवर आलं होतं. अण्णा खूश झाले. डेपोत आयुष्य गेलेला माणूस, काटा जागेवर आला की गाडी दुरुस्त झाली हे त्यांचं गणित. ते डॉक्टरांना म्हणाले, "आता काटा बरोबर हाय, पण पोरगी अजून कण्हतीच."

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. युरिक ॲसिड नॉर्मल. आरए पुन्हा निगेटिव्ह. ईएसआर थोडा जास्त, पण तो 'कशानंही' वाढतो. मग ते अण्णांकडे बघून बोलले. ताई समोर बसली होती, तरी अण्णांकडे बघून. "आता हिला शरीराचं काही नाही. वय उलटून चाललंय. लग्न करून टाका, सगळं दुखणं पळेल."

मी तिथे होते. उठून त्यांच्या टेबलावरचा सगळा पसारा खाली लोटावा असं मला वाटलं. मी काही लोटलं नाही. आम्ही नमस्कार करून बाहेर आलो. परतीच्या वाटेवर ताई एकच वाक्य बोलली. "म्हणजे मी नाटक करते."

अण्णांनी ते ऐकलं आणि ते गप्प राहिले. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. अजून येतो.

कचेरीत तेच झालं. तिनं आजारपणाची रजा मागितली तेव्हा साहेबांनी रिपोर्ट मागितले, आणि रिपोर्टात संधिवात नव्हता. साहेब म्हणाले, "बाई, कागद तर तुम्ही ठणठणीत आहात म्हणतोय." जिच्या टेबलावर घाईचा मजकूर यायचा, तिच्या मजकुरात चुका निघायला लागल्या. एक अक्षर दाबायला बोट उचललं की शेजारचं बोट आपोआप पडायचं. एक मेमो आला, मग दुसरा. तिसऱ्याची वाट न बघता तिनं राजीनामा दिला. तो तिनं स्वतः टाइप केला, दोन्ही हातांच्या एकेका बोटानं, अख्खी दुपार घालवून. त्यात एकही चूक नव्हती. तिच्या मैत्रिणीनं मला हे सांगितलं. ताई स्वतः त्याबद्दल बोलली नाही.

राजीनाम्यानंतर तिचे मनगटाचे आणि बोटांच्या मुळाचे सांधे उघड सुजायला लागले, दोन्ही हातांचे सारखेच. आता नाटक म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या लॅबोरेटरीतल्या डॉक्टरांनी मला देवळालीतले एक फिजिशियन सुचवले. लष्करातून निवृत्त होऊन तिथेच राहिलेले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मी ताईला घेऊन गेले. अण्णाही आले.

मी रिपोर्टांची चळत पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "आधी हात बघू दे, बेटा."

त्यांनी ताईचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या मुळाची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली. ताई किंचाळली. मी त्याआधी तिला कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. त्यांनी लगेच सोडलं. मग विचारलं, "सकाळी मूठ कधी वळते?"

"आंघोळ झाली, घरातली कामं आटोपली, की मग थोडी."

"आणि हे किती वर्षं?"

"दोन होऊन गेली."

आधीच्या दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी चळत ओढली, वरवर वाचली आणि विचारलं, "औषध कुठलं घेत होतीस? हे तपासायच्या आधी?"

"काही नाही."

"डोकं दुखल्यावर?"

ताई हसली. "ती गोळी होय? ती काय औषध आहे, डॉक्टर?"

"रोज?"

"रोज दोन. कधी तीन."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता रागावणार. ते रागावले नाहीत. त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत, शिपायाला समजेल अशा साध्या शब्दांत सांगितलं. ती गोळी थोडी थोडी घेतली की मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणं कमी होतं, म्हणून ते रक्तात साचतं. आकडा बरोबर होता, पण बहुतेक तो गोळीनं वाढवलेला होता. आणि वाढलेलं युरिक ॲसिड म्हणजे गाऊट नव्हे. कित्येकांचं वाढलेलं असतं आणि त्यांचं बोटही दुखत नाही. ऐन गाऊटच्या झटक्यात ते नॉर्मलही असू शकतं. गाऊट बहुतेक पुरुषांना, एखाद्या सांध्यात, पायाच्या अंगठ्यात, अचानक येतो. पाळी चालू असलेल्या बाईच्या दोन्ही हातांत तो असा ठाण मांडून बसत नाही. खात्री करायचीच तर सांध्यातलं पाणी काढून त्यात युरिक ॲसिडचे बारीक खडे दिसतात का ते बघावं लागतं.

"पन ती दुसरी टेस्ट," अण्णा म्हणाले, "ती दोनदा निगेटिव्ह हाय, साहेब."

"असू दे. हिला संधिवातच आहे, आणि तो असलेल्या पुष्कळ लोकांत ती निगेटिव्ह येते. सुरुवातीला तर जास्तच. काहींची जन्मभर येत नाही. आणि ज्यांना काहीच नाही अशा काही म्हाताऱ्यांची पॉझिटिव्ह येते. ती टेस्ट पुरावा आहे, न्यायाधीश नाही."

"आणि ईएसआर?" मी विचारलं.

"तो आग आहे एवढं सांगतो. कुठे ते सांगत नाही. म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही असं थोडंच आहे?"

मग ते ताईला म्हणाले, आणि हे वाक्य माझ्या कानातून कधी गेलं नाही, "तू घेत होतीस तेच ह्या आजारावरचं पहिलं औषध आहे, बेटा. पण डॉक्टरच्या नजरेखाली, पुष्कळ मोठ्या प्रमाणात. तू घेतलंस ते सांध्याला पुरलं नाही, आणि युरिक ॲसिड वाढवायला पुरलं."

मला त्या खोलीतच हसू आलं, वेड्यासारखं, आणि मग रडू. आमच्या चहाच्या डब्याशेजारी तिचं औषध होतं, आणि आम्ही तिची डाळ बंद करून बसलो होतो.

हातांचा एक्स-रे काढला. बोटांच्या मुळाशी हाडांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "हे गेलेलं परत येत नाही. पुढचं वाचवायचं."

वाचवण्यासाठी सोन्याची इंजेक्शनं सुरू झाली, दर आठवड्याला. खरंच सोन्याचा क्षार असतो त्यात. ताई म्हणायची, "सगळ्यांच्या बायका सोनं अंगावर घालतात, मी अंगात घालते." डाळ परत आली. ताटात पहिल्यांदा घट्ट वरण पडलं तेव्हा तिनं ते भाताशिवाय, नुसतं, चमच्यानं खाल्लं. सूज उतरायला लागली. ईएसआरची नळी मी दर महिन्याला लावायची आणि आकडा खाली येताना बघायची. आता त्या नळीला अर्थ होता, कारण आग कुठे आहे ते आम्हाला माहीत होतं. एका सकाळी ताईनं माझ्यासमोर मूठ वळून दाखवली. पूर्ण नाही, पण वळली. ती म्हणाली, "मशीन भाड्यानं आणू या का गं? घरी अर्ज टाइप करून देईन लोकांना."

आम्ही मशीन आणलं. ती हळूहळू टाइप करायची, आणि अण्णा बाहेरच्या खोलीत आवाज ऐकत बसायचे.

ह्या इंजेक्शनांबरोबर लघवी तपासत राहावी लागते. ते काम माझ्याकडे. परीक्षानळी तिरकी धरायची, वरचा भाग ज्योतीवर तापवायचा, गढूळ झालं तर ॲसिडचे थेंब टाकायचे. साधा गढूळपणा असेल तर जातो, मूत्रपिंडातून प्रथिन जात असेल तर राहतो. बरेच महिने नळी स्वच्छ राहिली. मग एकदा ढग आला आणि ॲसिडनं गेला नाही. मी दुसरा नमुना मागवला. तोही तसाच. देवळालीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं त्याच दिवशी बंद केली. मूत्रपिंड सांभाळायचं होतं. त्यानंतर दुसऱ्या गोळ्या झाल्या. त्यांचा उपयोग थोडा झाला, थोडाच. बोटं करंगळीच्या बाजूला कलत गेली. टाइपरायटर परत गेला.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी मोठ्या हॉस्पिटलनं मनगटाच्या ऑपरेशनचा विचार करण्यापूर्वी सगळ्या तपासण्या नव्यानं मागितल्या. तोपर्यंत आमच्याकडे सीआरपी नावाची तपासणीही आली होती. तीही आरएसारखीच काचेवरची, दाह आहे की नाही एवढंच सांगणारी. देवळालीचे डॉक्टर म्हणाले होते की आरएची आता काही गरज नाही, काहीही आली तरी आजार तोच आणि हात तेच. पण हॉस्पिटलला हवी होती. अण्णा निवृत्त झाले होते. ते लॅबोरेटरीच्या बाकावर येऊन बसले.

मी काळी काच घेतली, थेंबात थेंब मिसळला आणि हलवायला लागले. दूध लगेच नासलं. मोठ्या मोठ्या गुठळ्या, कुणालाही दिसतील अशा. मी काच तशीच अण्णांसमोर नेली, कारण रिपोर्ट टाइप होईपर्यंत मला धीर नव्हता. ते वाकून बघत राहिले.

"म्हंजे आली?" ते म्हणाले.

"आली."

त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. रिपोर्ट तयार होईपर्यंत ते बाकावरून हलले नाहीत, आणि तो हातात मिळाल्यावर म्हातारा माणूस माझ्यासाठीही थांबला नाही.

मी मागून घरी पोचले तेव्हा ते ताईसमोर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांच्याकडे बघवेना. ते म्हणत होते, "बघ, आली पॉझिटिव्ह. म्हंजे तुला खरंच दुखत हुतं, पोरी."

ताईनं कागद दोन्ही तळव्यांत धरला, जसा ती चहाचा कप धरायची तसा. तो तिनं वाचला. मग ती म्हणाली, "हो अण्णा," आणि तो त्यांच्याकडे परत दिला. "एवढी घडी घाला याची. मला नाही येत."